पाच मिलिग्रॅम म्हणजे नक्की किती?

जांभळी, जेमतेम वितीएवढी प्लॅस्टिकची बाटली. वर डोळे मिटलेला चंद्र, आजूबाजूला चांदण्या. झाकण उघडलं की स्ट्रॉबेरीचा वास येतो. आतल्या गमी जेलीच्या गोळ्यांसारख्या मऊ, वरून साखर भुरभुरलेल्या. तीन वर्षांच्या मुलासमोर ही बाटली आणि चॉकलेटचा डबा शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्हींतला फरक त्याला कळण्याचं काही कारण नाही. बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘मेलाटोनिन, 5 मिग्रॅ’. आई-बाबा एवढंच वाचतात आणि बाटली ओट्याच्या कोपऱ्यात किंवा पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवून देतात.

अमेरिकेतल्या घराघरांत अशी बाटली आता सहज दिसते. तिथल्या कायद्यानुसार मेलाटोनिन हे औषध नाही, ते आहारपूरक आहे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या ज्या मांडणीवर असतात, तिथूनच ते उचलायचं आणि बास्केटमध्ये टाकायचं. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. ब्रिटनमध्ये हेच मेलाटोनिन चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अमेरिकेत 1994 साली आहारपूरकांसाठी वेगळा कायदा झाला आणि तेव्हापासून असं उत्पादन बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरावा सरकारसमोर ठेवण्याचं बंधन कंपनीवर राहिलं नाही. बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे, याची जबाबदारी कंपनीची. प्रत्येक बाटली दुकानात जाण्याआधी कोणी तिसरा माणूस ते तपासून पाहत नाही.

ते एकदा तपासून पाहिलं गेलं, आणि काय निघालं ते प्रत्येक पालकाने समजून घ्यावं असं आहे.

हार्वर्डशी संलग्न असलेले डॉ. पीटर कोहेन आणि मिसिसिपी विद्यापीठातले इखलास खान यांच्या गटाने मेलाटोनिनच्या 25 वेगवेगळ्या गमी विकत आणल्या आणि प्रत्येकीत मेलाटोनिन खरोखर किती आहे ते प्रयोगशाळेत मोजलं. एप्रिल 2023 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापून आले. लेबलवरचा आकडा आणि आतलं प्रमाण यांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक त्यांनी माफ केला होता. तेवढी सूट देऊनही 25 पैकी फक्त तीनच गमी पास झाल्या. एका गमीत लेबलवरच्या आकड्याच्या 74 टक्के मेलाटोनिन होतं, दुसऱ्या एकीत 347 टक्के, म्हणजे जवळपास साडेतीन पट. आणि एका उत्पादनात मेलाटोनिन सापडलंच नाही. होतं ते सीबीडी, भांगेच्या झाडातून मिळणारं द्रव्य, 31 मिलिग्रॅमच्या आसपास.

हे काही एका देशापुरतं किंवा एका वर्षापुरतं नाही. 2017 मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या दुकानांतली 31 उत्पादनं तपासली होती. त्यांत सर्वांत जास्त घोळ कशात निघाला? चघळून खायच्या गोळीत, म्हणजे नेमक्या मुलांना दिल्या जाणाऱ्या प्रकारात. लेबलवर दीड मिलिग्रॅम लिहिलेलं होतं, आत जवळपास नऊ. एकाच कंपनीच्या एकाच उत्पादनाच्या दोन वेगवेगळ्या लॉटमध्येही कित्येक पटींचा फरक आढळला. म्हणजे गेल्या महिन्यातल्या बाटलीने मुलाला काही झालं नाही, म्हणून या महिन्यातली बाटलीही तशीच असेल असं धरून चालता येत नाही. शिवाय 31 पैकी आठ उत्पादनांत सेरोटोनिन सापडलं. लेबलवर त्याचा उल्लेखही नव्हता.

आकडा इतका का चुकतो, हे कळायला गमी कशी बनते ते पाहावं लागतं. साखर, ग्लुकोजचा पाक आणि जिलेटिन किंवा पेक्टिन एकत्र शिजवून दाट पाक करतात. सक्रिय द्रव्य त्यात शेवटी मिसळतात, कारण उष्णता त्याला मानवत नाही. मग तो गरम, चिकट पाक साच्यांमध्ये ओततात. घट्ट पाकात मिलिग्रॅमच्या हिशेबातली चिमूटभर पूड सगळीकडे सारखी पसरवणं किती अवघड, हे घरी वड्या थापणाऱ्या कोणालाही कळेल. एखाद्या वडीत वेलदोडा जास्त येतो, एखादीत येतच नाही. फरक एवढाच की इथे वेलदोड्याच्या जागी हार्मोन आहे.

दुसरं कारण नियमांतच आहे. मेलाटोनिन ओलाव्याने आणि काळानुसार उतरत जातं. मुदत संपेपर्यंत आतलं प्रमाण लेबलवरच्या आकड्यापेक्षा कमी होता कामा नये, असा अमेरिकेचा नियम आहे. जास्तीसाठी मात्र ठरलेली काटेकोर मर्यादा नाही. ‘वाजवी’ जास्त असेल तर चालतं. कमी भरलं तर नियम मोडतो, म्हणून कंपन्या सुरुवातीलाच सढळ हाताने भरतात. जीवनसत्त्व क थोडं जास्त पडलं तर फारसं बिघडत नाही. पण लहान मुलाला हार्मोन देताना हाच हिशेब त्याच्या अंगावर येतो.

मेलाटोनिन हार्मोनच आहे. मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून ते अंधार पडला की रक्तात यायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं सांगतं. येल विद्यापीठातले ॲरन लर्नर यांनी 1958 मध्ये ते प्रथम वेगळं काढलं. झोपेच्या गोळीसारखं ते माणसाला गाढ पाडत नाही, झोपेची वेळ पुढे-मागे सरकवतं. त्यामुळे त्याची मात्राही फार थोडी लागते. मोठ्या माणसाच्या रक्तातली पातळी रात्रीच्या नैसर्गिक पातळीइतकी व्हायला मिलिग्रॅमचा एक तृतीयांश भागही पुरतो. मुलाला मेलाटोनिन द्यायचंच झालं, तर बालरोगतज्ज्ञ सहसा अर्ध्या किंवा एक मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात. ऑटिझम असलेल्या काही मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली याचा खरा उपयोग होतो, हेही इथे सांगायला हवं. या लेखाचा मुद्दा मेलाटोनिन वाईट आहे असा नाही. मुद्दा असा, की अर्ध्या मिलिग्रॅमचा विचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात बाजार जी वस्तू देतो, तिच्यावरचा आकडाच भरवशाचा नाही.

अमेरिकेतल्या विषबाधा नियंत्रण केंद्रांकडे 2012 मध्ये मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या 8,337 नोंदी आल्या. 2021 मध्ये त्या 52,563 झाल्या. 2019 ते 2020 या एका वर्षात सर्वांत मोठी उडी दिसते. कोरोनाच्या त्या काळात मुलं दिवसभर घरात होती, मोठ्यांची झोप उडाली होती आणि बाटल्या घरोघरी आल्या होत्या. यातली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली होती आणि बहुतेकांनी मेलाटोनिन घरातच, कोणाचं लक्ष नसताना खाल्लं होतं.

हे आकडे वाचून धास्ती बसते, म्हणून दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी. त्या दहा वर्षांतल्या दोन लाख साठ हजारांवर नोंदींमध्ये पाचांतल्या चारांहून जास्त मुलांना कसलंही लक्षण दिसलं नाही. ज्यांना दिसलं, त्यांतल्या बहुतेकांना गुंगी, मळमळ, उलटी, पोटदुखी, डोकेदुखी असा त्रास झाला आणि तो उतरला. चार हजारांवर मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं, 287 मुलांना अतिदक्षता विभागात. पाच मुलांना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं. दोन तान्ही मुलं दगावली, एक तीन महिन्यांचं आणि एक तेरा महिन्यांचं. तीन महिन्यांचं बाळ गमी स्वतः उचलून खात नाही. म्हणजे घरात धोका येतो तो नेहमी मुलाच्या हातूनच येतो असं नाही.

आता एक रात्र बारकाईने पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातला हिशेब अशा वेळी खरोखर करावा लागतो तसाच आहे.

समजा, न्यू जर्सीतलं एक मराठी घर. आईची रात्रपाळी असते, म्हणून दिवसा झोप यावी यासाठी ती मेलाटोनिन घेते. बाटलीत 60 गमी होत्या. गेले सात दिवस ती रोज दोन खाते आहे. संध्याकाळी साडेसात वाजता बाबा स्वयंपाकघरात येतात तर साडेतीन वर्षांची मुलगी जमिनीवर बसलेली, बाटली उघडी, ओठांवर साखर. वजन साधारण 15 किलो.

पहिलं काम, तोंडात काही उरलं असेल तर बोटाने काढणं. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढायची नाही. ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि गुंगीतलं मूल उलटीने गुदमरू शकतं. दुसरं काम मोजणं. 60 मधून आईने घेतलेल्या 14 वजा केल्या की 46 उरायला हव्यात. बाटलीत आहेत 31. म्हणजे 15 गेल्या. पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत शोधून एखादी सापडली तर ती वजा करायची. सापडल्या नाहीत तर पंधराच्या पंधरा पोटात गेल्या असं धरायचं.

इथे बाबा लेबल पाहतात: ‘5 मिग्रॅ’. पंधरा गुणिले पाच, 75. पण हा आकडा चुकला. सप्लिमेंट फॅक्ट्सच्या चौकटीत सगळ्यात वर, सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ असते: सर्व्हिंग साइज, 2 गमी. पाच मिलिग्रॅम दोन गमींचे आहेत. म्हणजे एका गमीत अडीच आणि लेबलनुसार एकूण साडेसदतीस मिलिग्रॅम. आता कोहेन यांच्या तपासणीतली दोन टोकं या आकड्याला लावून पाहा. कमीत कमी 28 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 130. एकाच बाटलीवरून, एकाच हिशेबाने. डॉक्टरांना जो आकडा सांगायचा तो 28 ते 130 च्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे बाटली सांगू शकत नाही.

म्हणूनच तिसरं काम, फोन. अमेरिकेत विषबाधा केंद्राचा क्रमांक 1-800-222-1222, चोवीस तास आणि मोफत. भारतात दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117. पलीकडचा माणूस वय आणि वजन विचारेल, किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, मूल आत्ता कसं आहे. आणि मग विचारेल, ‘बाटलीवर आणखी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा.’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी मेलाटोनिनपेक्षाही महत्त्वाचं ठरतं. मूल हलवूनही जागं होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजणी सोडायची आणि थेट 911, भारतात 112 किंवा 108.

मेलाटोनिनवर उतारा नाही. ते शरीरातून तसं लवकर निघून जातं; रक्तातली निम्मी मात्रा साधारण तासाभरात उतरते. म्हणून बहुतेक मुलांना घरीच ठेवून लक्ष द्यायला सांगतात. मुलाला कुशीवर झोपवायचं आणि थोड्या थोड्या वेळाने हाक मारून बघायचं, नेहमीच्या झोपेतलं मूल जसं कुरकुरतं तसं ते कुरकुरतंय ना.

‘आणखी काय काय लिहिलंय’ हा प्रश्न बाटली विकत घेतानाच विचारायला हवा. झोपेच्या अनेक गमींत मेलाटोनिन एकटं नसतं. एल-थिॲनिन, 5-एचटीपी, मॅग्नेशियम, कॅमोमाइल, लेमन बाम अशी नावं चौकटीत सापडतात. 5-एचटीपीपासून शरीरात सेरोटोनिन तयार होतं. काही गमींत उघडपणे सीबीडी लिहिलेलं असतं. त्यानेही गुंगी येते, आणि अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या मते आहारपूरक म्हणून ते विकणंच बेकायदा आहे. एखाद्या चौकटीत ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून चार-पाच नावं दिलेली असतात आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन. कोणतं किती, हे त्यातून कळत नाही. मुलासाठी घ्यायची असेल तर ही बाटली मांडणीवर परत ठेवावी. ज्या गमीत एकच सक्रिय द्रव्य आहे आणि त्याची मात्रा छोटी आहे, तिच्या बाबतीत निदान काय बिघडू शकतं याचा अंदाज बांधता येतो.

यानंतर शोधायची ती मोहर. युनायटेड स्टेट्स फार्माकोपिया, म्हणजे यूएसपी, ही औषधांची मानकं ठरवणारी जुनी संस्था. ‘यूएसपी व्हेरिफाइड’ असं लिहिलेलं तिचं बोधचिन्ह बाटलीवर असेल, तर लेबलवर लिहिलेलं द्रव्य लिहिलेल्या प्रमाणात आहे, घातक अशुद्धी मर्यादेत आहेत आणि कारखान्याची पद्धत तपासलेली आहे, एवढं कोणीतरी बाहेरून पाहिलेलं असतं. अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये पालकांना हीच खूण बघून घ्या असं सांगितलं. पण इथे एक फसगत होते. घटकांच्या यादीत ‘मेलाटोनिन यूएसपी’ असं छापलेलं असलं, तरी तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो. ती मोहर नव्हे. ‘लॅब टेस्टेड’, ‘डॉक्टरांनी शिफारस केलेलं’, ‘नैसर्गिक’, ‘ड्रग फ्री’ हे शब्दही कंपनी स्वतःच छापते. मोहर असलेल्या गमी कमी सापडतात. साध्या गोळ्यांमध्ये ती जास्त सहज मिळते, आणि साध्या पांढऱ्या गोळीचा आणखी एक गुण असा की ती कोणत्याही मुलाला मिठाई वाटत नाही.

राहिलं झाकण. लोह असलेल्या आहारपूरकांच्या बाटलीला लहान मुलांना सहज उघडता न येणारं झाकण लावणं अमेरिकेत सक्तीचं आहे, कारण लोहाच्या गोळ्यांनी तिथे अनेक मुलं दगावली. मेलाटोनिनला ही सक्ती नाही. एप्रिल 2024 मध्ये आहारपूरक उद्योगाच्या संघटनेने आपल्या सभासदांना अशी झाकणं लावा, लेबलवर इशारे द्या, असं सांगितलं, पण ते ऐच्छिक आहे. दाबून फिरवायचं झाकण असलं तरी त्याची परीक्षा कशी होते हे जाणून घ्यावं. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हातात बंद बाटली देतात. पाच मिनिटं ती झटतात. मग त्यांच्यासमोर एकदा बाटली उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. दहा मिनिटांअखेर शंभरातल्या ऐंशी मुलांना ती उघडता आली नाही, तर झाकण पास. म्हणजे पास झालेल्या झाकणाचीही वीस मुलांनी बाटली उघडलेली असू शकते. ते झाकण मोठ्यांना धावत येण्यापुरता वेळ मिळवून देतं, एवढंच. आणि रोज रात्री आईला बाटली उघडताना पाहणाऱ्या मुलीला तर ते प्रात्यक्षिक रोजच मिळत असतं.

मराठी घरांत ही बाटली एका वेगळ्या वाटेनेही येते. अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या मुलाच्या बॅगेत बदाम, क्रीम आणि व्हिटॅमिनच्या डब्यांबरोबर झोपेच्या गमीही असतात, जेटलॅगसाठी. परत जाताना उरलेली बाटली आईकडे राहते, ‘झोप येत नाही म्हणतेस ना, घेऊन बघ.’ ती फ्रिजच्या दारात किंवा देवघराशेजारच्या फडताळात जाते. सोबतचं खोकं फेकून दिलेलं असतं. काही घरांत तर गमी छोट्या स्टीलच्या डबीत काढून ठेवतात, बडीशेपेच्या डबीसारख्या. मग नातवंडाने डबी उघडली तर किती गेल्या, एकीत किती होतं, आणखी काय होतं, यातलं काहीच सांगता येत नाही. लेबल असलेली मूळ बाटली कधीही रिकामी करू नये आणि तिचा मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये असावा.

भारतातल्या ऑनलाइन दुकानांतही आता मेलाटोनिनच्या गमी मिळतात. त्यांच्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक कंपनीला अन्नपदार्थ बनवायची परवानगी आहे एवढंच सांगतो. या बाटलीतल्या गमीत पाच मिलिग्रॅम आहे की पंधरा, ते त्या क्रमांकावरून कळत नाही. याच लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ आणि ‘मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा’ ही दोन वाक्यंही कायद्याने छापावी लागतात, बहुतेकदा खालच्या कडेला, जिथे बाटली धरताना अंगठा येतो.

न्यू जर्सीतल्या त्या घरात रात्री साडेनऊला विषबाधा केंद्रातून परत फोन येतो. मुलगी गुंगीत आहे, पण हाक मारली की डोळे उघडते, पाणी मागते. पलीकडची बाई सकाळपर्यंत लक्ष ठेवायला सांगते, अंथरूण ओलं झालं तर घाबरू नका म्हणते, आणि फोन ठेवण्याआधी विचारते, बाटली आता कुठे आहे?